स्लॅम, १००० की ५००? वेळ थोडा असेल तर काय बघाल

टेनिस वर्षभर चालूच असतं. सगळं बघणं शक्य नाही, त्यामुळे निवड करावी लागते. स्पर्धेच्या नावापुढचा आकडा तिथे उपयोगी पडतो: १०००, ५००, २५० म्हणजे विजेत्याला मिळणारे गुण. ग्रँड स्लॅमला असा आकडा लावत नाहीत, पण तिथल्या विजेत्याला २००० मिळतात. हे गुण बरोबर वर्षभर, ५२ आठवडे, खेळाडूच्या खात्यात राहतात आणि मग गळून पडतात. सगळं नाट्य या गळण्यातच आहे.

एमा रॅडुकानूचंच बघा. २०२१ च्या यूएस ओपनला ती जागतिक क्रमवारीत १५०वी होती. पात्रता फेरीतून आली आणि थेट विजेती ठरली. विजेतेपदाचे २०००, पात्रता फेरीचे ४०, असे एका झटक्यात २०४० गुण मिळवून ती २३व्या क्रमांकावर गेली. पुढच्या वर्षी तिथेच उतरली तेव्हा ती ११वी होती. पहिल्याच फेरीत हरली. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १० गुण मिळतात, म्हणजे २०४० गेले आणि १० आले. ती ८३वी झाली. वर्षभर ती काही इतकी वाईट खेळली नव्हती; तिची बहुतेक पुंजी एकाच स्पर्धेतली होती, एवढंच. म्हणून सामना निवडताना नुसता क्रमांक बघू नका. गेल्या वर्षी हाच खेळाडू इथे कुठवर पोहोचला होता तेही बघा. विजेतेपद राखायला आलेल्याची दुसरी-तिसरी फेरीसुद्धा रंगते, कारण हरला तर सोमवारी क्रमवारी बदललेली असते.

आता स्पर्धांची तुलना. ग्रँड स्लॅममध्ये एकेरीत १२८ खेळाडू असतात, त्यातले ३२ मानांकित. ड्रॉ असा पडतो की दोन मानांकित खेळाडू तिसऱ्या फेरीआधी समोरासमोर येत नाहीत आणि पहिले दोन थेट अंतिम फेरीतच भेटतात. त्यामुळे पहिले काही दिवस मोठी नावं दिसतात, पण त्यांचे सामने बरेचदा एकतर्फी होतात. त्यात पुरुषांचे सामने पाच सेटचे. पाच सेटमध्ये वाईट सुरुवात सावरून घ्यायला वेळ मिळतो, म्हणून धक्कादायक निकालही कमी. मोजकाच वेळ असेल तर मी स्लॅम चौथ्या फेरीपासून बघेन. पहिल्या आठवड्यात बघायचंच झालं तर महिलांचे सामने बघा: तीन सेटचा खेळ, उलटफेर जास्त.

मास्टर्स १००० (महिलांकडे डब्ल्यूटीए १०००) म्हणजे अव्वल खेळाडूंची गर्दी, पण पुरुषांचे सामनेही तीन सेटचे. इंडियन वेल्स, मायामी, माद्रिद, रोम या स्पर्धा आता दोन आठवड्यांच्या आसपास लांबल्या आहेत. ९६ जणांच्या ड्रॉमध्ये ३२ मानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते, म्हणजे सुरुवातीला तुमचा आवडता खेळाडू कोर्टवर दिसणारच नाही. उपांत्यपूर्व फेरीपासूनचे दिवस मात्र पैसा वसूल. मोंटे कार्लो अजूनही आठवड्याभरात उरकते, म्हणून ती मला जास्त आवडते.

माझ्या मते सर्वात दुर्लक्षित चीज म्हणजे पुरुषांची ५००. बहुतेक ठिकाणी ३२च खेळाडू, मानांकितांनाही पुढे चाल नाही, पाच सामने जिंकले की विजेतेपद. क्वीन्स किंवा हाले, विंबल्डनआधीच्या गवतावरच्या या दोन स्पर्धा घ्या. प्रवेश क्रमवारीवर आणि जागा थोड्या, म्हणून बिगरमानांकित खेळाडूही तगडा असतो. मंगळवारीच चुरस सुरू. आणि गुणांचा हिशेबही गमतीचा आहे. पुरुषांत स्लॅमची उपांत्यपूर्व फेरी, म्हणजे पाच सेटचे चार विजय, ४०० गुण देते. ५०० च्या विजेत्याला तीन सेटच्या पाच विजयांत त्याहून शंभर जास्त मिळतात. अर्थात क्वीन्स आणि हाले या दोन्ही स्पर्धा एकाच आठवड्यात असतात, त्यामुळे मोठी नावं वाटली जातात. आधी प्रवेशयादी बघा, मग कुठली लावायची ते ठरवा.

२५० मध्ये वरच्या चौघांना सहसा पुढे चाल असते, आणि स्लॅमच्या आदल्या आठवड्यात बरेच बडे खेळाडू विश्रांती घेतात. उगवते चेहरे हेरायचे असतील तरच बसा.

एक अपवाद सांगायला हवा. २०२२ मध्ये विंबल्डनने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना बंदी घातली, म्हणून त्या वर्षी तिथे गुणच दिले गेले नाहीत. जोकोविच जिंकला, पण २०२१ चे २००० गेले आणि बदल्यात शून्य आले. तिसऱ्यावरून तो सातव्या क्रमांकावर घसरला. त्या सोमवारची क्रमवारी बघून कुणी त्याचा पुढचा सामना टाळला असता, तर चूक क्रमवारीची नव्हती, ती वाचणाऱ्याची होती.