यादीतला हिरवा आकडा म्हणजे कमाई नव्हे: मोबाइल वॉलेटचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जळगावच्या दाणा बाजारात किराण्याचे ५०० रुपयांचे बिल वॉलेटमधून देताना व्यवहार अडकला आणि बँकेचा ३२० रुपये वजा झाल्याचा संदेश तेवढा आला. दुकानदाराने "भाऊ, आमचा स्पीकर बोललाच नाही," असे सांगितल्यामुळे मी रोख पैसे दिले आणि ३२० रुपयांचा पाठपुरावा सुरू केला. बँकेचे म्हणणे असे की पैसे वॉलेटकडे गेले आहेत. वॉलेटच्या ग्राहक सेवेचे ठरावीक उत्तर असे की व्यवहार अयशस्वी आहे, परतावा देय नाही. दोघांचेही बोलणे खरे होते, पण पैसे आहेत कुठे, हे एकानेही सांगितले नाही.

ते वॉलेटमध्येच होते. माझ्या वॉलेटमध्ये आधीचे १८० रुपये होते आणि बिल ५०० चे होते, म्हणून अ‍ॅपने कमी पडणारे ३२० रुपये बँकेतून आधी वॉलेटमध्ये भरले आणि मग एकूण ५०० दुकानदाराला देण्याचा प्रयत्न केला. पहिला टप्पा यशस्वी झाला, दुसरा फसला. त्यामुळे यादीत एकाच मिनिटाच्या दोन नोंदी दिसत होत्या: ३२० ची हिरवी, अधिक चिन्हाची भरणा-नोंद आणि ५०० ची अयशस्वी नोंद. शिल्लक ५०० झाली होती. फसलेला टप्पा दुकानदाराला देण्याचा असल्यामुळे बँकेकडे परत जाण्यासारखे काही नव्हतेच.

या प्रकारानंतर एक तारा देऊन अ‍ॅप काढून टाकण्याचे मी ठरवले होते, परंतु प्रत्येक नोंदीवर बोट ठेवून तिचा तपशील उघडू लागल्यावर मत बरेच बदलले. यादी जे लपवते, ते तपशिलाचे पान सांगते. हिरव्या नोंदीत पैसे कोठून आले, हे पाहावे. तिथे स्वतःच्याच बँक खात्याचे शेवटचे अंक असतील, तर तो भरणा आहे, म्हणजे आपलेच पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले आहेत. देणारी वॉलेट कंपनी असेल आणि सोबत एखाद्या ऑफरचे नाव असेल, तर तो कॅशबॅक. देणारा दुकानदार असेल आणि जुन्या खरेदीचा ऑर्डर क्रमांक जोडलेला असेल, तर तो परतावा. तिन्ही नोंदी सारख्याच हिरव्या असतात, पण उत्पन्न म्हणावे असे त्यांत फार तर कॅशबॅकच. आणि तोही अनेकदा वेगळ्या शिल्लकेत राहतो, जो दुकानात खर्च करता येतो पण बँकेत काढता येत नाही.

वजा बाजूला आणखी एक घोळ आहे. याच अ‍ॅपमधून यूपीआयने दिलेले पैसे थेट बँक खात्यातून जातात. वॉलेटची शिल्लक त्याने हलत नाही, तरी नोंद त्याच यादीत येते. ओळखण्याची खूण अशी की तपशिलात वॉलेटऐवजी बँकेचे नाव असते, बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक असतो आणि तीच रक्कम बँकेच्या पासबुकातही सापडते. वॉलेटमधून दिलेले पैसे पासबुकात दिसत नाहीत. तिथे फक्त भरणा दिसतो.

म्हणूनच पासबुक आणि यादी यांची बेरीज करणाऱ्याचा हिशेब फुगतो. दुसऱ्या दिवशी त्याच वॉलेटमधून मी औषधांचे ५०० रुपये दिले आणि त्यावर २० रुपये कॅशबॅक मिळाला. १८० अधिक ३२० वजा ५०० अधिक २० म्हणजे २० शिल्लक, आणि अ‍ॅपमध्ये २० च दिसत होते. वॉलेटमधून खर्च झाला ५००. पण पासबुकातील ३२० त्यात मिळवले तर तो ८२० वाटतो. आमच्यासारख्या पाच-दहा रुपयांचाही हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे रुचणारे नाही. महिनाअखेरीस सुरुवातीच्या शिलकेत भरणे, कॅशबॅक आणि परतावे मिळवून वॉलेटमधून दिलेले पैसे वजा करावेत, यूपीआयच्या आणि अयशस्वी नोंदी बाहेर ठेवाव्यात. उत्तर शिलकेशी जुळले नाही, तर बहुधा एखादी यूपीआय नोंद आत शिरलेली असते किंवा कॅशबॅकची वेगळी शिल्लक मोजायची राहिलेली असते.

अ‍ॅपला मी तीन तारे देतो. दोन तारे केवळ त्या हिरव्या रंगासाठी कापले आहेत. व्यवहार वेगवान आहेत आणि दुकानदारांची अडचण फारशी येत नाही, हे मान्य. पण 'भरणा', 'कॅशबॅक' आणि 'परतावा' हे शब्द यादीतच रकमेशेजारी छापले असते, तर दोन ग्राहक सेवांचे दार ठोठावण्यात माझी दुपार गेली नसती. तोपर्यंत बिल देण्याआधी शिल्लक पुरेशी आहे का, हे मी पाहतो आणि नसेल तर वॉलेट न वापरता थेट यूपीआयने पैसे देतो.