फिजिओचा रेझ्युमे: जागेनुसार की आजारानुसार?

भुसावळच्या क्लिनिकमध्ये तीन वर्षं आणि जळगावच्या एका रुग्णालयात दोन वर्षं काढल्यावर मी दोन्ही तऱ्हांचे रेझ्युमे पाठवून पाहिले. एकात ऑर्थो, न्यूरो, चेस्ट असे आजारांचे गट आणि नोकऱ्या तळाशी दोन ओळींत. दुसऱ्यात कुठे काम केलं ते आधी आणि पेशंटचं सगळं त्याखाली.

आजारांच्या गटांचा दिसतो छान. एमपीटी करून एकाच शाखेत राहिलेल्याला तो शोभतोही. माझी पंचाईत झाली ती केसलोडच्या ओळीवर. मी लिहिलं होतं, ‘रोज 25 पेशंट, ऑर्थो, न्यूरो, चेस्ट’. मुलाखतीला समोरच्या सरांनी त्यावर पेन टेकवून विचारलं, “यातले मशीनवर किती, हाताखालचे किती?” खरं सांगायचं तर क्लिनिकच्या पंचवीसातले पंधरा-सोळा जुनेच असायचे. आयएफटी लावा, अल्ट्रासाउंड फिरवा, घरचे व्यायाम विचारा, झालं. नवं असेसमेंट दिवसाला दोन, फार तर तीन. उलट रुग्णालयात आकडा जेमतेम नऊ-दहा, पण आयसीयूतला एकच चेस्टचा पेशंट अर्धा तास खायचा. दोन्ही एका आकड्यात कोंबल्यामुळे मी नक्की काय केलंय तेच कळेना. पुढची वीस मिनिटं त्या एका ओळीचा खुलासा करण्यातच गेली.

मग पुढच्या ठिकाणी असं लिहून दिलं:

क्लिनिक, भुसावळ (ओपीडी): रोज 22–25, नवे 2–3. कंबर, मान, फ्रोजन शोल्डर. केळीचे घड वाहणारे मजूर बरेच.

रुग्णालय, जळगाव (आयपीडी): रोज 9–10, पैकी आयसीयूत चेस्ट फिजिओ 3–4. गुडघा बदललेल्यांना वॉकरवर चालवणं, स्ट्रोकनंतर पलंगावर बसवण्यापासून उभं करण्यापर्यंत.

या वेळी प्रश्न थेट गुडघ्याच्या पेशंटवर आले. गुडघा किती वाकला, जिना कधी चढवला, वगैरे. तिथे मला बोलता आलं.

नोंदणी मात्र कुठल्याही तऱ्हेत नावाच्या लगेच खाली असावी: परिषदेचं नाव, क्रमांक, वैधता कधीपर्यंत. सुरतेकडे शिकून नंदुरबारला परतलेल्यांनी तर क्रमांक कोणत्या राज्याचा तेही लिहावं, कारण इथे प्रॅक्टिस करायला महाराष्ट्राच्या परिषदेची नोंदणी लागते. आजारांच्या गटांत हीच ओळ घरंगळत शेवटच्या पानावर जाते.

दहा वर्षं एकाच क्लिनिकमध्ये असलेल्याला जागेनुसार लिहिण्यासारखं फार नसतं, त्याने गटच करावेत. दोन-तीन ठिकाणी हात फिरलेला असेल तर मी जागेनुसारच सुचवेन. खास शाखेची एक ओळ हवी तर नोंदणीखाली टाका. माझी तिथे ‘गुडघा व खांदा, शस्त्रक्रियेनंतर’ एवढीच आहे.