अँपिअर उतरले, युनिट तसेच राहिले: ‘वीज बचत’ डबीने केलेली फसवणूक

घरी येऊन वीज बिल तिसऱ्या हिश्श्याने कमी करून देतो म्हणणारा विक्रेता तुमच्याकडे आला, तर त्याच्या हातातल्या टाँग टेस्टरकडे, म्हणजे वायरीतला करंट मोजणाऱ्या मीटरकडे, नीट बघा. आमची सगळी फसवणूक त्या मीटरने झाली, आणि तो मीटर एकदाही खोटं बोलला नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. खोटा मीटर असता तर कोणीही पकडला असता. इथे आकडा खरा होता, त्याचा अर्थ चुकीचा सांगितला गेला.

विक्रेत्याने एक फळी आणली होती. फळीवर एक छोटी मोटर, एक सॉकेट आणि फेजच्या वायरभोवती अडकवलेला टाँग टेस्टर. मोटर चालू केली, टेस्टरवर 0.90 अँपिअर दिसले. मग त्याने सॉकेटमध्ये एक पांढरी डबी खोचली, तिच्यावरचा हिरवा दिवा लागला आणि टेस्टर 0.58 वर आला. मोटरचा आवाज तोच, वेग तोच. “काम तेवढंच, करंट छत्तीस टक्क्यांनी कमी. बिलही तेवढंच कमी,” तो म्हणाला. बाबांनी विचारलं की आत काय आहे. त्याने सांगितलं, मोठ्या कारखान्यांत जी कपॅसिटर बँक बसवतात तिचंच हे घरगुती रूप आहे. तेही खरंच होतं. आम्ही डब्या घेतल्या, शेजाऱ्यांनीही घेतल्या.

पहिलं बिल कमी आलं. इथेच बहुतेक लोक कायमचे फसतात. उन्हाळा संपत आला होता, एसी आणि पंखे कमी चालत होते, आणि त्या काळात बिल दरवर्षीच उतरतं. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचं बिल काढून शेजारी ठेवलं तेव्हा युनिट जवळजवळ सारखेच निघाले. तिथून मी हा विषय मुळातून समजून घेतला.

मोटर चालायची तर तिच्या आत चुंबकक्षेत्र तयार व्हावं लागतं. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते. प्रत्येक आवर्तनात हे क्षेत्र दोनदा उभं राहतं आणि दोनदा मावळतं. उभं राहताना ते वायरीतून ऊर्जा घेतं, मावळताना तीच ऊर्जा वायरीत परत करतं. या ये-जा करणाऱ्या ऊर्जेतून पंखा फिरत नाही, पाणी चढत नाही. तिला रिॲक्टिव्ह पॉवर म्हणतात आणि ती व्हारमध्ये मोजतात. मोटरच्या दांड्यावरचं काम आणि तिच्या आतली उष्णता यांत जी ऊर्जा खर्च होते ती परत येत नाही. ती रिअल पॉवर, म्हणजे वॅट. वायरीतला करंट मात्र दोन्हींचा मिळून असतो. व्होल्टेजला त्या एकूण करंटने गुणलं की ॲपरंट पॉवर मिळते, तिचं माप व्होल्ट-अँपिअर. ॲपरंटपैकी रिअल किती, हे गुणोत्तर म्हणजे पॉवर फॅक्टर.

या तिघी साध्या बेरजेने जुळत नाहीत. काटकोन त्रिकोणासारख्या जुळतात:

```
S² = P² + Q²
S = ॲपरंट, P = रिअल, Q = रिॲक्टिव्ह
पॉवर फॅक्टर = P / S
```

आता फळीवरच्या मोटरकडे या. ती मोकळी फिरत होती, तिच्यावर कसलाच भार नव्हता. ही निवड जाणूनबुजून केलेली असते. मोकळ्या मोटरला चुंबकक्षेत्र तर पूर्ण लागतं, पण काम जवळजवळ काहीच नसतं, म्हणून तिचा पॉवर फॅक्टर फार खाली असतो. 0.35 धरू. 230 व्होल्ट आणि 0.90 अँपिअर म्हणजे 207 व्होल्ट-अँपिअर. त्यातली रिअल पॉवर सुमारे 72 वॅट आणि रिॲक्टिव्ह सुमारे 194 व्हार.

डबीत 5 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर होता. कपॅसिटरही प्रत्येक आवर्तनात ऊर्जा घेतो आणि परत देतो, पण मोटरच्या नेमकं उलट: मोटरचं क्षेत्र ऊर्जा मागत असतं त्या क्षणी कपॅसिटर ती सोडत असतो, आणि क्षेत्र मावळताना परत येणारी ऊर्जा कपॅसिटर घेतो. त्यामुळे देवघेव त्या दोघांतच मिटते आणि मागच्या वायरीतून तेवढा करंट यावा लागत नाही. 230 व्होल्टवर हा कपॅसिटर सुमारे 83 व्हार पुरवतो. 194 मधून 83 गेले, उरले 111. त्रिकोणाचं सूत्र लावलं की 72 वॅट आणि 111 व्हार मिळून सुमारे 132 व्होल्ट-अँपिअर होतात, म्हणजेच 0.58 अँपिअर. टेस्टरने तेच दाखवलं. पण वॅट आधीही 72, नंतरही 72.

घरचा मीटर युनिट मोजतो, आणि एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. त्यात रिॲक्टिव्हचा हिशेबच नाही. म्हणून ज्या आकड्यात घट झाली तो आमच्या बिलात कधी नव्हताच.

विक्रेत्याला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “करंट कमी झाला की वायरीतलं नुकसान कमी होतं, बचत तिथून येते.” हे उत्तर अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोक्याचं. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने बदलते. घरातल्या वायरीचा रोध अर्धा ओहम धरला तर 0.90 अँपिअरला 0.4 वॅट जातात आणि 0.58 ला 0.17. म्हणजे बचत पाव वॅटसुद्धा नाही, आणि डबीतला हिरवा दिवा व त्याचा रेझिस्टर तेवढं सहज खातात. शिवाय कपॅसिटर जिथे जोडला आहे तिथपासून मागच्या, म्हणजे मीटरकडच्या वायरीतला करंटच कमी होतो. आमची डबी मीटरजवळच्या सॉकेटमध्ये खोचली होती. तिथून पंपापर्यंतच्या लांब वायरीत पूर्वीइतकाच करंट वाहत होता.

घरातल्या बाकी गोष्टींचं काय? इस्त्री आणि गिझर यांचा पॉवर फॅक्टर मुळातच 1 असतो, सुधारायला जागाच नाही. एलईडी दिवे, चार्जर यांचा पॉवर फॅक्टर कमी असू शकतो, पण कारण वेगळं आहे. त्यांचा करंट तुकड्यातुकड्याने ओढला जातो, त्याची लहर विस्कटलेली असते, आणि साधा कपॅसिटर ती लहर नीट करू शकत नाही. रात्री सगळं बंद असताना डबी एकटीच सुमारे 0.36 अँपिअर ओढत बसते, उलट्या बाजूचा, बिनकामाचा.

तुमच्याकडे डबी असेल तर तपासणी सोपी आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ `3200 imp/kWh` असं काही छापलेलं असतं. अर्थ असा की 3200 लुकलुकींना एक युनिट. घरातलं सगळं बंद करून फक्त पंप चालू ठेवा. पंप 900 वॅट घेत असेल तर मिनिटाला 48 लुकलुकी येतील. पाच मिनिटं डबीशिवाय मोजा, मग डबी लावून पाच मिनिटं मोजा. टाकीची पातळी आणि व्होल्टेज यांमुळे एखाद्या लुकलुकीचा फरक पडेल. तीस टक्के बचत खरी असती तर 240 च्या जागी 168 यायला हव्या होत्या. आमच्याकडे दोन्ही वेळा आकडा सारखाच आला. विक्रेता समोर असेल तर त्याला टाँग टेस्टर काढून वॅट दाखवणारा मीटर लावायला सांगा. आमच्या शेजाऱ्यांकडे तो दुसऱ्यांदा आला तेव्हा असं सांगितल्यावर त्याने फळीच उचलली.

डबी उघडून पाहायची तर आधी हे वाचा: सॉकेटमधून काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठलेला राहतो. चांगल्या कपॅसिटरला तो उतरवणारा रेझिस्टर जोडलेला असतो. आमच्या एका डबीत तो नव्हता, आणि कपॅसिटरचं कवच फुगलेलं होतं. अशी वस्तू चोवीस तास मुख्य लाइनवर ठेवणं हा आगीचा धोका आहे. पैसे गेले ते गेले, डबी मात्र आजच काढा.

या सगळ्यावरून कपॅसिटर बँक म्हणजेच थोतांड, असं समजू नका. विक्रेत्याने कारखान्याचं नाव घेतलं ते उगाच नाही. भावाच्या वर्कशॉपमध्ये मोटरींचा भार 20 किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर 0.70 होता. म्हणजे ॲपरंट 28.6 केव्हीए आणि रिॲक्टिव्ह 20.4 केव्हार. 0.95 पर्यंत न्यायचं तर रिॲक्टिव्ह 6.6 वर आणावं लागतं, म्हणून सुमारे 14 केव्हारची बँक बसवली. ॲपरंट 21 केव्हीएवर आलं. 415 व्होल्टच्या तीन फेजवर करंट 40 अँपिअरवरून 29 वर उतरला, केबल गार राहू लागली आणि त्याच ट्रान्सफॉर्मरवर आणखी एक यंत्र बसलं. त्याचं बिलही कमी झालं, कारण त्याच्या बिलात ॲपरंट पॉवरवर लागणारा `kVAh` आणि `kVA` मागणीचा आकार होता. किलोवॅट तिथेही 20 च राहिले.

त्या बँकेत एक रिले आहे. मोटरी बंद होत गेल्या की तो कपॅसिटरही टप्प्याटप्प्याने सोडवतो, नाहीतर पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला जातो आणि व्होल्टेज चढतं. आमच्या डबीत असलं काही नव्हतं. भार असो नसो, ती सतत जोडलेलीच.

तेव्हा आधी स्वतःचं बिल काढा. त्यावर फक्त `kWh` म्हणजे युनिट असतील, आणि `kVAh`, `kVA` मागणी किंवा पॉवर फॅक्टरचा दंड यांपैकी काहीच नसेल, तर कपॅसिटरने तुमचं बिल उतरणार नाही. तरीही कोणी बचतीची हमी देत असेल, तर किती युनिट कमी होतील तो आकडा पावतीवर लिहून मागा. आमच्या पावतीवर बचत हा शब्दच नव्हता. ‘व्होल्टेज स्थिर करणारे उपकरण’ एवढंच लिहिलं होतं, आणि पैसे परत मागितले तेव्हा विक्रेत्याने त्याच ओळीवर बोट ठेवलं.