मुलाखतीसाठी कॉलर माइक: वायरचा घ्यावा की वायरलेस?

दुकानात विचारलं की आजकाल एकच सल्ला मिळतो, वायरलेस घ्या. पण त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. समोरचा माणूस बोलताना बसलेला असणार आहे की फिरणार आहे? येवल्यात मागावर बसलेल्या पैठणी विणकर ताई आणि पिंपळगाव बसवंतच्या बागेत ओळींमधून चालत छाटणी दाखवणारे बागायतदार काका, या दोन मुलाखतींना एकच माइक सारखा उपयोगी पडत नाही.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. वायरलेस महाग असतो म्हणून त्याचा आवाज जास्त चांगला येतो, असं काही नाही. दोन्हींत चिमुकला कंडेन्सर माइकच असतो आणि तो बहुतेक वेळा चारी बाजूंनी ऐकणारा असतो. बोलण्याच्या आवाजापुरता दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. वायरलेसला दिलेले जास्तीचे पैसे वायरीपासून सुटका मिळावी म्हणून असतात.

ताईंचा विचार करू. त्या तासभर एकाच जागी बसून बोलणार आणि कॅमेरा दोन-तीन मीटरवर असणार. इथे हजार रुपयांच्या आसपास मिळणारा वायरचा माइक पुरेसा आहे. बोया बीवाय-एम१ सारख्या माइकला ६ मीटर वायर येते, ती जमिनीवरून फिरवून नेली तरी उरते. चार्जिंग संपेल, सिग्नल तुटेल ही धास्ती नाही. कटकट होते ती जोडणीत. फोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात आणि कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. बोयाच्या या माइकवर फोन आणि कॅमेरा निवडायचा स्विच आहे, आणि कॅमेऱ्यासाठी आत एलआर४४ ची छोटी बॅटरी लागते. स्विच चुकीच्या बाजूला राहिला तर आवाज अगदी बारीक येतो. जोडणी नीट बसली नसेल तर त्याहून वाईट होतं: फोन गुपचूप स्वतःच्या माइकवर रेकॉर्ड करत राहतो, आवाज येतोय म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि घरी आल्यावर कळतं की सगळं खोलीतल्या घुमणाऱ्या आवाजात गेलंय. हे तपासायला रेकॉर्डिंग सुरू करून कॉलर माइकच्या टोकावर नखाने हलकं खरवडा, मग फोनच्या खालच्या कडेवर खरवडा आणि परत ऐका. ज्याचा खरखराट मोठा, तो माइक चालू आहे. बऱ्याच नव्या फोनांना जॅक नसतो. तिथे अडॅप्टर घेताना माइक आत जातो का ते दुकानातच पाहा. काही अडॅप्टर फक्त ऐकण्यापुरते असतात.

बागेत हाच माइक अडचणीचा ठरतो. काका वेलीकडे वळले की वायर फांदीत अडकते, आणि त्यांचं लक्ष छाटणीऐवजी वायरीकडे जातं. इथे वायरलेसच हवा. फक्त डब्यावर छापलेले २०० मीटर मनावर घेऊ नका. ते मोकळ्या मैदानातले, मध्ये काहीही नसतानाचे असतात. हे माइक बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि या लहरींना पाणी शोषून घेतं. माणसाचं अंग म्हणजे बरंचसं पाणीच, आणि भरलेल्या बागेतली पानंही तशीच. म्हणून काकांनी पाठ केली की छातीवरच्या माइकचा सिग्नल त्यांच्याच अंगात अडतो आणि शब्दाचे तुकडे पडतात. त्यांना कॅमेऱ्याकडे तोंड करून चालायला सांगा आणि रिसीव्हर खिशात न ठेवता कॅमेऱ्यावर उंच लावा. रामकुंडावर पर्वणीच्या गर्दीत वेगळीच अडचण येते. हजारो फोनांचं वायफाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात बोलत असतं. म्हणून वायरलेस घेताना मी एका गोष्टीवर अडून बसेन: अंगावरच्या तुकड्यातच रेकॉर्डिंग साठवण्याची सोय हवी. सिग्नल तुटला तरी तिथला आवाज अखंड राहतो, नंतर व्हिडिओला जुळवता येतो. ही सोय नसलेला स्वस्त संच घेण्यापेक्षा वायरचा माइक बरा.

आता लावण्याकडे. इतकं करूनही आवाज बिघडतो तो बहुधा इथेच.

ताईंनी साडी नेसलेली आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे. सवयीने माइक खांद्यावर, पदराच्या पिनेजवळ लावला जातो. तिथे त्या उजवीकडे वळल्या की आवाज एकदम बसतो. मग कोणी तो वर सरकवून हनुवटीखाली नेतो. तिथेही चूक होते, कारण हनुवटीच्या आडोशाला आवाज दबका येतो, आणि मागाकडे बघायला मान खाली गेली की एकाएकी मोठा होतो. योग्य जागा छातीच्या मधोमध, हनुवटीपासून साधारण वीतभर खाली, पदराची कड जिथे आडवी जाते तिथे. जरीचा काठ मात्र टाळा. तो कडक असतो आणि हालचालीबरोबर करकरतो. वाट्या माइकवर आपटत असतील तर मंगळसूत्र थोडं बाजूला घ्यायला त्यांनाच सांगा. माइकही त्यांच्या हातात द्या, कुठे लावायचा ते दाखवा, त्या स्वतः लावतील. क्लिपपाशी वायरीचा एक छोटा वेढा करून तो क्लिपमध्येच धरा, म्हणजे वायरीला बसलेला हिसका माइकपर्यंत जात नाही. श्वासाचा फटका येत असेल तर माइक उलटा, टोक खाली करून लावा. तो चारी बाजूंनी ऐकतो, त्यामुळे आवाज कमी होत नाही.

आणि चारी बाजूंनी ऐकतो म्हणूनच धोट्याचा आणि फणीचा ठोकाही तो घेतोच. माग चालू ठेवून मुलाखत घेऊ नका. बोलताना माग थांबवा आणि नंतर नुसत्या मागाचा आवाज दोन-तीन मिनिटं वेगळा घ्या.

काकांच्या सुती शर्टावर वायरलेसचा चौकोनी तुकडा जड होतो. बटणपट्टी खाली ओढली जाते आणि माइक तिरका होऊन कापडाला घासत राहतो. खांद्यावर उपरणं असेल तर तेही त्यावर येतं. इथे त्या तुकड्यात छोटा वायरचा माइक खोचून तुकडा कमरेला लावणं चांगलं, पण पुढच्या बाजूला. मागे लावलात तर पुन्हा अंग आड येतं. वाऱ्यासाठी स्पंजची टोपी पुरत नाही. ती श्वास अडवते, उघड्यावरचा वारा अडवत नाही. त्याला केसाळ टोपीच लागते. वाऱ्याचा धबधब आवाज खूप खालच्या सुरात असतो आणि फोनच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही, म्हणून जागेवर इयरफोन लावून ऐकल्याशिवाय बागेतून निघू नका.

बजेट एकाचंच असेल आणि मुलाखती बसून होत असतील तर वायरचा घ्या. पुढे वायरलेस घेतलात आणि त्याच्या तुकड्याला माइकसाठी जॅक असेल तर तोच माइक त्याला जोडता येतो, फक्त एक तपासा: वायरलेसच्या तुकड्याला बहुतेक दोन रेघांची पिन चालते आणि फोनसाठीच्या माइकची तीन रेघांची असते. आपला माइक सोबत नेऊन दुकानातच लावून, बोलून, ऐकून बघा.