कोण किती वेळ बोललं? स्पीकर डायरायझेशन आठ महिने वापरल्यावर

मी मुलाखतींच्या एका चॅनेलसाठी व्हिडिओ संकलन करतो. तीन-चार जणांना एकत्र बसवून दोन-अडीच तास गप्पा मारायच्या, असा आमचा प्रकार. नाटकाच्या पडद्यामागच्या मंडळींवर आम्ही एक भाग केला होता. त्यात एक नेपथ्यकार, एक वेशभूषाकार, एक प्रकाशयोजनाकार आणि आमचा सूत्रसंचालक असे चौघे होते. भाग प्रसिद्ध झाला आणि दुसऱ्याच दिवशी प्रकाशयोजना करणाऱ्या ताईंचा फोन आला. "अरे, मला नक्की बोलायला बोलावलं होतंत ना? का खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून?"

मी म्हटलं, "असं कसं ताई, चांगल्या भरपूर बोलल्या आहात की!" फोन ठेवला आणि लक्षात आलं, आपण हे ठोकून दिलंय. संकलन करताना कान वाक्यावर असतो, घड्याळावर नसतो. सव्वादोन तासांत कोण किती वेळ बोललं, हे मला ठाऊकच नव्हतं.

तेव्हापासून स्पीकर डायरायझेशन वापरतोय. म्हणजे आवाजाची फाइल द्यायची आणि कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत कोण बोलतंय, याची यादी मिळवायची. मी वापरतो ते `pyannote.audio`, आवृत्ती ३.१ आणि तिचीच पाइपलाइन; खालचा कोड चौथ्या आवृत्तीत असाच्या असा चालत नाही. फुकट आहे, पण मॉडेल उतरवण्याआधी हगिंग फेस या साइटवर खातं काढून अटी मान्य कराव्या लागतात आणि टोकन घ्यावं लागतं. काम एवढंच:

```
ffmpeg -i bhag.mp4 -vn -ac 1 -ar 16000 bhag.wav
```

```python
from pyannote.audio import Pipeline
p = Pipeline.from_pretrained(
    "pyannote/speaker-diarization-3.1",
    use_auth_token="hf_...")
d = p("bhag.wav", num_speakers=4)
print(d.chart())
```

शेवटची ओळ प्रत्येक आवाजाचे एकूण सेकंद छापते. नावं अर्थातच नसतात; `SPEAKER_00`, `SPEAKER_01` अशी लेबलं असतात आणि कुठलं लेबल कोणाचं हे आपण ऐकून ठरवायचं. पुढच्या फाइलमध्ये तेच लेबल भलत्याच माणसाला लागतं, त्यामुळे ही ओळखपरेड दर वेळी नव्याने. माझ्या लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणून रात्री लावून सकाळी निकाल बघतो. घाई असली तर भाड्याच्या मशीनवर चालवतो, तिथे काही मिनिटांत होतं.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा आलेला तक्ता मला अगदी पटला. नेपथ्यकार ४७ मिनिटं, सूत्रसंचालक २३, एक बाईचा आवाज ५० मिनिटं आणि चौथ्या लेबलावर जेमतेम अडीच मिनिटं. पटला म्हणजे काय, तर मला सगळ्यात वाईट शंका आली ती खरी ठरल्यासारखी वाटली: ताई फक्त अडीच मिनिटं बोलल्या! कपाळाला हात लावला. मग ते अडीच मिनिटांचं लेबल उघडून ऐकलं, तर त्यात ताई नव्हत्याच. त्यात आमचा सूत्रसंचालक होता. भागाच्या सुरुवातीची ओळख त्याने नंतर घरी, वेगळ्या माइकवर रेकॉर्ड करून पाठवली होती, ती.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण हे कळायला मला दोन आठवडे लागले. हे टूल आधी आवाजाचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे ऐकून कोण कधी बोलतंय हे वेगळं करतं. मग प्रत्येक तुकड्यातल्या आवाजाची आकड्यांमध्ये एक खूण तयार करतं आणि सारख्या खुणांचे गट बांधतं. शब्द त्याला समजत नाहीत, त्यामुळे मराठी असो वा मालवणी, त्याला फारसा फरक पडत नाही. पण त्या खुणेत नुसता गळा नसतो. माइक, खोलीचा घुमारा, पंख्याची घरघर हेही त्यात मिसळलेलं असतं. आमच्या माणसाचा घरचा आवाज आणि स्टुडिओतला आवाज या टूलच्या लेखी दोन वेगळी माणसं झाली.

आता मी त्याला सांगितलं होतं, माणसं चार. ते चूक नव्हतं, माणसं चारच होती. पण गट होत होते पाच. चार सांगितल्यावर टूलला कुठले तरी दोन गट एकत्र करणं भाग पडलं आणि त्याने एकमेकांच्या सगळ्यात जवळचे दोन निवडले. एकाच खोलीतल्या, एकाच जातीच्या माइकवर बोलणाऱ्या, साधारण एकाच पट्टीतल्या दोन बायका. घरी रेकॉर्ड केलेली ओळख सगळ्यांपासून लांब होती, तिने आपली जागा धरून ठेवली. म्हणजे खरा आकडा सांगितल्यामुळेच निकाल बिघडला. संख्या न सांगता चालवलं तेव्हा सरळ पाच लेबलं आली आणि दोघी वेगळ्या निघाल्या.

उपाय सोपा आहे. ओळख, जाहिरातीचं वाचन, शेवटचे आभार, जे जे नंतर वेगळं रेकॉर्ड झालंय ते मोजायच्या फाइलमधून कापून टाकायचं आणि मग माणसांची संख्या सांगायची. सुरुवातीला मुलाखतीतलेच चटपटीत तुकडे जोडतो, तेही कापायचे, नाहीतर ज्याचं वाक्य जास्त खमंग त्याचे सेकंद दोनदा मोजले जातात. आम्ही ते कापतो आणि मगच मोजतो.

दोन माणसं एका लेबलात गेली आहेत हे ओळखायचं कसं? मी आधी प्रत्येक लेबलाचे सगळ्यात लांब पाच तुकडे ऐकायचो. त्यात काही कळत नाही, ते पाचही एकाच माणसाचे निघू शकतात. आता यादी ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅमच्या लेबल फाइलमध्ये बदलून घेतो (सुरुवात, शेवट, नाव, मध्ये टॅब, बस्स) आणि लहरींच्या खाली ती पट्टी ठेवून मधूनमधून कुठेही क्लिक करतो. एकच लेबल स्वतःला प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देतंय असं दिसलं, की समजायचं घोटाळा आहे. व्हिडिओ आहे, चेहरेही समोर असतात, पाच मिनिटांत छडा लागतो.

कापून पुन्हा चालवल्यावर १२५ मिनिटांच्या फाइलचा निकाल असा आला: सूत्रसंचालक २३ मिनिटं, नेपथ्यकार ४७, वेशभूषाकार ३१, प्रकाशयोजनाकार ताई २०. बेरीज केली तर १२१ होते. तरी शांततेला फक्त चारच मिनिटं उरली, असा अर्थ काढू नका. मी तो काढला होता आणि पस्तावलो. दोघं एकाच वेळी बोलतात तो वेळ दोघांच्याही खात्यात जातो. असा दुहेरी वेळ (`d.get_overlap().duration()`) चार मिनिटं निघाला. म्हणजे प्रत्यक्ष बोलणं ११७ मिनिटं आणि शांतता, हशा, पाणी पिणं वगैरे आठ. म्हणून टक्केवारी काढायची तर ती फाइलच्या लांबीवर काढत नाही, पाहुण्यांच्या एकूण ९८ मिनिटांवर काढतो. त्या हिशेबाने नेपथ्यकार ४८ टक्के, वेशभूषाकार ३२ आणि ताई २०.

सूत्रसंचालकाचे २३ मिनिटं बघून तो जरा नाराज झाला. "मी एवढा बोलतो?" त्याचे तुकडे मोजले तर सहाशेच्या वर आणि त्यातले ३४० एका सेकंदापेक्षा लहान. "हं", "बरोबर", "अच्छा", "वा!" या हुंकारांचेच जवळपास तीन मिनिटं होत होती. आता एका सेकंदाखालचे तुकडे मी वेगळ्या रकान्यात ठेवतो. टाकून देत नाही, कारण एखाद्या पाहुण्याचे सगळेच तुकडे असे बारके असतील तर तीही एक माहिती आहे: त्याला कोणी वाक्य पुरं करू दिलेलं नाही.

अचूकतेबद्दल. या टूलची चूक मोजायची रूढ पद्धत म्हणजे डीईआर: चुकून बोलणं समजलेला वेळ, सुटलेलं बोलणं आणि भलत्याच्या नावावर गेलेलं बोलणं, यांची बेरीज भागिले एकूण बोलणं. पण मला हवा असतो प्रत्येकाचा वेळ, आणि त्यात चुका एकमेकींना अंशतः खाऊन टाकतात. म्हणून मी साधा मार्ग धरला. भागाच्या मधली दहा मिनिटं हाताने मोजली, जिथे सगळे तावातावाने बोलत होते तीच मुद्दाम निवडली. ताई माझ्या मोजणीत २ मिनिटं ५ सेकंद, टूलच्या मोजणीत १ मिनिट ५२ सेकंद. तेरा सेकंद गेले कुठे? ताई वाक्य संपवताना आवाज खाली नेतात आणि नेमकं तिथेच नेपथ्यकारांचा खणखणीत आवाज सुरू होतो. शेपूट त्यांच्या नावावर किंवा कोणाच्याच नाही. दुसरं, हे मॉडेल दहा सेकंदांच्या एका तुकड्यात जास्तीत जास्त तीन आवाज धरतं आणि एका क्षणी दोनच. आमचे चौघे एकदम तुटून पडले की सगळ्यात हळू बोलणारा माणूस गायब होतो. म्हणजे चूक सगळ्यांना सारखी लागत नाही, मवाळ माणसाला जास्त लागते. त्यामुळे ताईंचे वीस मिनिटं मी "वीस ते बावीस" असे वाचतो आणि दोन-तीन मिनिटांच्या फरकावरून कोणाशी वाद घालत नाही. सत्तेचाळीस आणि वीस यातला फरक मात्र चुकीने पडलेला नाही.

मग आणखी एक आकडा काढला, जो आता मला एकूण वेळेपेक्षा जास्त उपयोगी वाटतो: मध्ये कोणी न तोडता सलग बोललेला सर्वात लांब पल्ला. हुंकार वगळून आणि एक सेकंदाची उसंत माफ करून. नेपथ्यकारांचा पल्ला नऊ मिनिटांचा निघाला. ताईंचा १ मिनिट ५० सेकंद. ती जागा उघडून बघितली. ताई एका जुन्या नाट्यगृहातल्या डिमरबद्दल सांगत होत्या, "मग आम्ही काय केलं..." आणि सूत्रसंचालकाने घड्याळ बघून पुढचा प्रश्न नेपथ्यकारांना टाकला. काय केलं ते राहूनच गेलं. वेळ मोजणारं टूल हे सांगत नाही, फक्त कुठे बघायचं ते दाखवतं.

ताईंना फोन करून आकडे सांगितले. त्या म्हणाल्या, "वीस? मला दहाच वाटली होती." आणि मग डिमरचा किस्सा फोनवर पुरा केला, तो अकरा मिनिटं चालला. मी मोजला.

आता ज्या भागांचं रेकॉर्डिंग आमच्या हातात असतं, तिथे प्रत्येक माइकचा ट्रॅक वेगळा ठेवतो. मग डायरायझेशनची गरज कमी पडते, ज्या ट्रॅकवर आवाज मोठा तो माणूस बोलतोय, शेजारच्याचा आवाज गळून येतो तेवढा वगळायचा. पण जुने अकरा भाग एकाच मिसळलेल्या ट्रॅकवर आहेत आणि ते सगळे मी याच टूलमधून काढले. एका भागात पाहुण्या बाईंना सर्दी होती, मध्यंतरानंतर त्यांनी बाम लावला आणि नाक मोकळं झालं. टूलने त्यांची दोन माणसं केली. ती मी हाताने जोडली.