तूर, मसूर, मूग, उडीद: कोणती डाळ कशासाठी घ्यावी

नाशिकच्या अंबड-सातपूरला नोकरीला लागून सिडकोत खोली घेतलेल्या माणसासमोर पहिल्या महिन्यात एक प्रश्न येतोच. डाळ कोणती भरायची? घरी बहुधा तूर असते म्हणून तीच एक किलो आणली जाते. कुकर असेल तर ठीक. पण एक शेगडी आणि एक पातेलं एवढाच संसार असेल, तर सुरुवात मसूर किंवा मुगापासून करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण वेळ. न भिजवता, उघड्या पातेल्यात मसूरडाळ पंधरा-वीस मिनिटांत मऊ होते. पिवळी मूगडाळ वीस-पंचवीस मिनिटं घेते. तूर मात्र पाऊण तास ते तासभर खाते. अर्धा-पाऊण तास भिजवली तर वेळ बराच कमी होतो. उडदाची पांढरी डाळ साधारण तुरीच्याच वाटेने जाते. कुकरमध्ये मसूर-मुगाला दोन शिट्ट्या पुरतात, तुरीला चार-पाच लागतात.

पण डाळ शिजणं वेगळं आणि मिळून येणं वेगळं. तूर या बाबतीत सगळ्यांत सरस आहे. नीट शिजलेली तूर रवीने घोटली की दाणा उरत नाही, पाणी आणि डाळ एकजीव होतात. साधं वरण म्हणूनच तुरीचं. चिंच-गूळ किंवा आमसूल घालून गोडा मसाल्याची आमटी करायची तरी तिचाच अंगचा दाटपणा आंबटगोड पेलतो.

तूर शिजत नाही ही तक्रार मात्र सारखी ऐकू येते, आणि त्यात डाळीचा दोष थोडाच असतो. एक वाटी डाळ, तीन वाट्या पाणी, पाच शिट्ट्या, आणि झाकण काढलं तर वर पाणी, खाली दाणे. दाणा चिमटीत दाबला की मधे पांढरा, करकरीत ठिपका दिसतो. अशा वेळी पाणी कुठलं वापरलं ते आधी पाहावं. बोअरच्या जड पाण्यातला चुना डाळीच्या दाण्याला घट्ट धरून ठेवतो, तो फुटतच नाही. नळाच्या पाण्यात तीच डाळ शिजवून बघा, फरक लगेच कळेल. बोअरशिवाय पर्याय नसेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. जास्त पडला तर चव साबणासारखी लागते. दुसरं कारण आंबट. टोमॅटो, चिंच, आमसूल डाळीबरोबरच कुकरला लावलं की ती मऊ पडत नाही. आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. आणि डाळ वर्ष-दीड वर्ष दुकानात पडून असेल, तर चांगलं पाणी असूनही ती जास्त शिट्ट्या मागते.

मसूर घोटावी लागत नाही, आपोआप विरघळते. मात्र तिचं वरण तुरीसारखं गुळगुळीत होत नाही, किंचित रवाळ राहतं, आणि गार झाल्यावर घट्ट गोळा होतो. म्हणून जेवताना हवं त्यापेक्षा पातळच उतरवावी. लसूण-लाल मिरचीची झणझणीत फोडणी तिला शोभते, चिंच-गूळ तितकासा नाही. कुकरमध्ये तिचा फेस शिट्टीत अडकतो, तेव्हा भांडं अर्ध्याच्या वर भरू नये.

मुगाचा गुण असा की तो भाताबरोबर एकाच वेळी शिजतो. खिचडीत मूग घालायचं खरं कारण हेच. न भिजवलेली तूर घातली तर तांदूळ गाळ होतो तरी डाळ टचटचीत राहते. मूग अर्धा तास भिजवून, पाण्याचा हबका देत झाकणावर पाणी ठेवून वाफवला, तर दाणा अखंड राहतो आणि मोकळी कोरडी डाळ होते. ही गोष्ट मसूर कधीच करू देणार नाही.

उडीद चिकट. तोच त्याचा दोष आणि तेच त्याचं सामर्थ्य. रोजच्या वरणाला तो घेऊ नये, बुळबुळीत लागतो. पण सालीची काळी डाळ कोरडी, मंद आचेवर खमंग भाजून घेतली की चिकटपणा उतरतो. मग मऊ शिजवून, घोटून, हिरवी मिरची-लसणाचं वाटण घातलं की घुटं तयार. बाजरीच्या भाकरीबरोबर ते गरमच खावं. डब्यात नेलं तर दुपारपर्यंत थिजतं.

इडलीला मात्र उडदाला पर्याय नाही, कारण पीठ फुगवणारी हवा त्याच चिकटपणात धरली जाते. एक वाटी उडीदडाळीला तीन वाट्या तांदूळ पुरेत. नाशिकच्या थंडीत, पारा दहाच्या आसपास असताना, रात्री वाटलेलं पीठ सकाळी फुगलेलं सापडत नाही. डिसेंबर-जानेवारीत ते आदल्या दुपारीच वाटावं आणि डबा जाड टॉवेलात गुंडाळून ठेवावा.