माधवराव, माधव राव की नुसता माधव?

मराठी कथा इंग्रजीत नेताना नावामागच्या राव, पंत, ताई, दादांचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच पानावर येतो. मी एका कथासंग्रहाच्या भाषांतरात सगळे मार्ग चालून पाहिले: शेपूट गाळणं, त्याचं भाषांतर करणं, तोडून लिहिणं आणि जोडून ठेवणं.

गाळणं सर्वांत सोपं. वाक्य हलकं होतं आणि परक्या वाचकाला अडखळायला होत नाही. पण एका कथेत सासरे जावयाला ‘या माधवराव, बसा’ म्हणतात, आई त्यालाच ‘माध्या’ म्हणते. पुढे त्याची नोकरी जाते आणि एका संध्याकाळी सासरे म्हणतात, ‘माधव, तू आता काय करणार आहेस?’ कथा तिथेच वळते. मराठीत हा बदल तीन ठिकाणी दिसतो: राव गेला, ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं आणि क्रियापदही एकवचनात आलं. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच, क्रियापदातही आदर नाही. म्हणजे उरतो तो फक्त राव. तोच पहिल्यापासून गाळला असेल, तर सासऱ्यांचं बोलणं साधी चौकशी वाटतं. पहिल्या खर्ड्यात मी नेमकं हेच करून बसलो होतो.

भाषांतराचा मार्ग मला फारसा पटला नाही. माधवरावांना ‘मिस्टर माधव’ केलं की घरातली बैठक कचेरीसारखी वाटू लागते. ताईला ‘थोरली बहीण’ म्हणावं, तर बसमध्ये अनोळखी बाईला ‘ताई, जरा सरकता का?’ म्हणणाऱ्याचं काय करायचं? दादाचंही तसंच. तो घरचा मोठा भाऊ असतो, रिक्षावाला असतो आणि गल्लीतला गुंडही असतो. एकच इंग्रजी शब्द या तिघांना पुरत नाही.

तोडून लिहिणं मात्र मला सुरुवातीला बरं वाटलं होतं. जुन्या इंग्रजी इतिहासग्रंथांत बाजीरावही ‘बाजी राव’ असे सुटे छापलेले सापडतात, त्यामुळे आधार होता. संपादनाच्या शिस्तीनुसार आमच्या पुस्तकातही सगळे राव सुटे झाले. मग शेवटची नामसूची आली. इंग्रजी सूची शेवटच्या शब्दाला आडनाव समजते, म्हणून ‘राव, माधव’, ‘राव, यशवंत’, ‘राव, विनायक’ असे एकाखाली एक लागले. वेगवेगळ्या कथांतली, एकमेकांशी काही संबंध नसलेली तीन माणसं एकाच घराण्याची झाली. कच्चं पुस्तक वाचणाऱ्या एका अमराठी मित्राने विचारलं, ‘हे भाऊ आहेत का?’ त्याची चूक नव्हती. पी. व्ही. नरसिंह राव यांच्यामुळे राव हे आडनावच असावं, अशी बाहेर समजूत आहे. खरं तर त्यांच्याही घराण्याचं नाव पुढच्या ‘पी’मध्ये, म्हणजे पामुलपर्तीत आहे. पंतांच्या बाबतीत घोळ आणखी वाढतो. पेशव्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले तोडले की ‘गोविंद पंत’ होतात आणि वाचकाला उत्तर प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत आठवतात. त्यांचं पंत हे खरोखरच आडनाव आहे, आपल्या गोविंदपंतांचं नाही.

माझा निर्णय त्या सूचीने केला. आता मी राव, पंत, बाई जोडूनच लिहितो, मध्ये आडवी रेघही देत नाही. ताई-दादा नावामागे आले तर तेही जोडून. नुसती हाक असेल तर शब्द तसाच ठेवतो. कंसात अर्थ देत नाही. ‘ताई’ म्हणणारी मुलगी धाकटी आहे, हे आसपासच्या एखाद्या वाक्यातून कळेल एवढं पाहतो. कामाला बसण्याआधी पात्रवार एक कागद करतो: कोण कोणाला काय म्हणतं आणि ते कोणत्या पानावर बदलतं. सासऱ्यांचा तो बदल मग सुटत नाही.

यात एक तोटा आहे. पहिल्या दहा-पंधरा पानांत परक्या वाचकाला माधव आणि माधवराव ही दोन माणसं वाटू शकतात. म्हणून पहिल्या प्रसंगात दोन्ही हाका जवळजवळ ठेवता आल्या तर बरं. लहान मुलांच्या पुस्तकात कदाचित गाळणंच सोयीचं ठरेल, तिथे मी आग्रह धरणार नाही.

हिंदीत नेताना मात्र राव-पंत जोडून चालतात, ताई-दादा नाहीत. तिथे दादा म्हणजे आजोबा आणि ताई म्हणजे मोठी काकू. मराठी घरातला पंचविशीचा दादा हिंदी वाचकाला म्हातारा दिसेल, म्हणून हिंदीत मी त्याला ‘भैया’ करतो आणि ताईला ‘दीदी’.